देफाचा ओळखपत्रावरचा वाढदिवस

"पंधरा युआन! महिन्यात तिसऱ्यांदा! आई, ही सायकल आहे का टॅक्सी?"

छिनने आपला मोबाइल सासूच्या वाडग्याशेजारी ठेवला. आपटला नाही, पण आपटला असता तर बरं, असा ठेवला. सुलानने चष्मा न लावताच पडद्याकडे पाहिलं. काय आलंय ते तिला ठाऊक होतं.

"दंड नाही तो," ती म्हणाली. "सायकल परत नेण्याचं शुल्क आहे. कंपनीचा माणूस येतो, टेम्पोत घालून नेतो, त्याचं."

"म्हणजे वाचता येतं तुम्हाला! मला वाटलं चुकून दाबलं जातं. वाचून, समजून दाबता!"

"वाचूनच दाबते."

"लेई, ऐकतोयस ना? कार्ड तुझं आहे. तूच बोल तुझ्या आईशी."

लेई नूडल्स ओढत होता. त्याने मान वर केली नाही. "आई, पुलाजवळ ठेव ना सायकल. दीड किलोमीटर तर चालायचंय."

"संध्याकाळी चालेन रे. पण पुलाजवळ ठेवलेली सायकल सकाळी मिळते का? पाच वाजता तिथे एक असते नाहीतर एकही नसते. असलीच तर तिचं सीट गायब. दारात ठेवली की ती मला पहाटे मिळते. टेम्पोवाला दुपारी येतो."

"पंधरा युआनात दारातली सायकल!" छिन म्हणाली. "राणीसाहेबांची पालखी जणू."

सून खोटं बोलत नव्हती, हेच सुलानला जास्त लागत होतं.

सुलान ज्या फोनने सायकल उघडे, तो तिचा नव्हता. तिच्या नवऱ्याचा, न्यू देफाचा होता. त्यातलं सायकलचं खातंही देफाचं. सहा वर्षांपूर्वी राखाडी सायकली गावात आल्या तेव्हा देफाने एकशे नव्व्याण्णव युआन अनामत भरून ते उघडलं होतं. ज्यांची फोनवरच्या व्यवहारांतली पत चांगली, त्यांना अनामत माफ होती. देफाने जन्मभर रोखीने व्यवहार केला, म्हणून त्याला पतच नव्हती. पडदा म्हणाला, अनामत भरा. आठवडाभर तो घरात बडबडत होता, "सायकल त्यांची, पाय माझे, आणि अनामत मीच ठेवायची!" मग भरली. भरल्यावर मात्र दिवसाआड कुठे ना कुठे सायकलवर जायचा, पैसे वसूल करायला.

गेल्या हिवाळ्यात मेंदूत रक्तस्राव होऊन तो गेला. चाळीस दिवस हॉस्पिटलात होता. दिवसभरासाठी माणूस ठेवणं परवडत नव्हतं, म्हणून सुलान स्वतःच त्याच्या उशाशी राहिली. कूस कशी बदलायची, नळीतून पातळ पेज कशी सोडायची, पाठीला जखम होऊ नये म्हणून टॉवेलची घडी कुठे घालायची, सगळं तिथेच शिकली. त्याचा देह न्यायच्या दिवशी रुग्णसेविका पुरवणाऱ्या कंत्राटदाराचा मुकादम, डोंग, तिला म्हणाला होता, "मावशी, तुमचा हात चांगला आहे. सकाळच्या पाळीला येता का?" सहासष्टाव्या वर्षी तिला कुणी पहिल्यांदा हाताबद्दल चांगलं बोललं. सूतगिरणीत सतरा वर्षं काढली तेव्हा कुणी बोललं नव्हतं, आणि गिरणीने घरी पाठवलं तेव्हा तर नाहीच.

सकाळची पाळी साडेपाचला सुरू होई. डॉक्टरांची फेरी व्हायच्या आत नऊ रुग्णांना पुसून, कपडे बदलून, भरवून ठेवायचं. पहिली बस सहा वाजून दहा मिनिटांनी. हॉस्पिटल सात किलोमीटर. स्वतःच्या दोन सायकली इमारतीखालून चोरीला गेल्या, दुसरी तर साखळीकुलपासकट. सहा मजले, लिफ्ट नाही. तिसरी घेऊन रोज डोक्यावर चढवायची का? तिने स्वतःच्या नावाने खातं उघडून पाहिलं होतं. ओळखपत्राचा आकडा घातला आणि पडदा म्हणाला, पासष्ट वर्षांवरील नवीन वापरकर्त्यांची नोंदणी होत नाही. छिनच्या नावावर काढावं, तर छिन स्पष्ट म्हणाली, "उद्या कुणाला धडक बसली तर नाव माझं. मला नको."

देफा मात्र अजून चौसष्टचा होता. थडग्यात असला तरी.

लेईने पोलिस चौकीत जाऊन कुटुंबाच्या नोंदीतून बापाचं नाव कमी केलं होतं, पण सायकलच्या कंपनीला ते कुणी कळवलं नव्हतं. भाडं लेईने बापाला जोडून दिलेल्या कार्डातून जाई. सुलानला स्वतःचं बँक कार्ड त्या फोनला जोडता येत नव्हतं, नाव जुळायला हवं होतं. म्हणून महिन्याच्या शेवटी ती लेईला रोख देई. पण प्रत्येक फेरीचा निरोप आधी सून वाचत असे, कारण हिशोब सून बघे.

आणि आता मे महिन्यापासून कंपनीने नकाशा बदलला. पूर्वी हिरव्या पट्ट्यात त्यांची वसाहत होती. आता लाल रेघ कालव्याच्या पुलावरून गेली आणि वसाहत पलीकडे, करड्या भागात पडली. दारात सायकल उभी करून 'परत करा' दाबलं की पडदा येई: आपण सेवाक्षेत्राबाहेर आहात. येथे ठेवल्यास पंधरा युआन व्यवस्थापन शुल्क. सर्वांत जवळचा थांबा एक हजार चारशे साठ मीटर. खाली दोन बटणं. एक, परत क्षेत्रात जा. दुसरं, तरीही येथेच ठेवा. पाय भरून आलेले असले की सुलानचा अंगठा दुसऱ्यावर जाई.

"मी एक सांगते," छिन म्हणाली, आणि आता तिचा आवाज खाली आला. आवाज खाली आला की सुलान जास्त घाबरे. "रागावू नका. गावाकडे मोठ्या काकांचा परत फोन आला होता. काकू गेल्यापासून त्यांच्या जेवणाचे हाल आहेत. तुम्हाला तिथे खोली आहे, अंगण आहे. या वयात पहाटे लोकांची गू-मुतं काढायला सायकल हाणत जायचं, लोक आम्हाला काय म्हणतात माहितेय?"

"कोण लोक?"

"लोक."

देफाचा थोरला भाऊ देशान. सुलान लग्न होऊन आली तेव्हा चार वर्षं तिने त्याच्या घरी काढली होती. त्याच्या बायकोने भांडं जोरात ठेवलं तरी तो उठून अंगावर यायचा. ती काही बोलली नाही कधी. मेली तेव्हाही काही बोलली नव्हती.

"माझं काम चालू आहे तोवर मी कुठे जात नाही," सुलान म्हणाली.

"कामाचं काय, आहे तोवर आहे," छिन म्हणाली आणि वाडगे गोळा करू लागली.

मग ठरलं ते असं: सायकल पुलाजवळ, हिरव्या पट्ट्यातच ठेवायची. पुन्हा पंधरा युआन गेले तर लेई कार्ड त्या फोनपासून तोडून टाकणार. लेईने हे सांगताना टीव्हीकडे पाहिलं.

मेचे उरलेले दिवस सुलान पुलावरून चालत राहिली. ट्रक त्याच रस्त्याने सिमेंट नेत. पदपथ अर्धाच बांधून सोडलेला. पहाटे पावणेपाचला निघून ती पुलापाशी येई आणि सायकलींच्या रांगेत एकेक चाक दाबून पाही. कधी साखळी निघालेली, कधी कुलपावरचा चौकोनी छाप कुणी खिळ्याने खरवडलेला, म्हणजे फोन तो वाचणार नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यात दोन दिवस एकही चालती सायकल नव्हती. पुढच्या थांब्यापर्यंत अर्धा तास पायपीट. पहिल्या दिवशी वीस मिनिटं उशीर, दुसऱ्या दिवशी पस्तीस.

डोंग वाईट माणूस नव्हता. तो हसत हसत बोलायचा. "मावशी, पेशंट अंथरुणात भिजून पडतो आणि नातेवाईक माझ्यावर ओरडतात. तिसऱ्यांदा झालं तर नाव खोडावं लागेल हो. बाहेर बायका रांग लावून आहेत. चाळिशीच्या."

"नाही होणार," सुलान म्हणाली.

तिने पुढचा विचार केला नव्हता असं नाही. अ‍ॅपमध्ये एक सूचना तिने स्वतः अक्षर अक्षर लावून वाचली होती. पासष्ट पूर्ण झालेल्या जुन्या वापरकर्त्यांनी चेहरा दाखवून खात्री पटवावी, मगच सायकल उघडेल. देफाचा जन्म सहाव्या महिन्याच्या तिसऱ्या दिवशीचा. भिंतीवरच्या पंचांगात तिने पाहून ठेवलं, चांद्र सहाव्या महिन्याची तीज या वर्षी जुलैच्या मध्यात येत होती. म्हणजे दीड महिना हातात. तोवर हॉस्पिटलजवळ एखादी खाट भाड्याने मिळते का, हे ती जेवणाच्या सुट्टीत विचारत होती. एका धोबिणीने जुलैत जागा होईल म्हणून सांगितलंही होतं.

आयुष्यभर तिने देफाचा वाढदिवस त्या चांद्र तिथीलाच केला, त्याच्या वाडग्यात लांब नूडल्स आणि वर दोन अंडी घालून. तिच्या स्वतःच्या ओळखपत्रावरची तारीखही तशीच होती, गावच्या कारकुनाने चांद्र तारीख ऐकली आणि सरकारी रकान्यात जशीच्या तशी टाकली. गावातल्या सगळ्यांचं असंच. तारीख कुणी विचारली तर माणसं मनातल्या मनात पंचांग उघडत. यंत्राला मात्र पंचांग नव्हतं. त्याच्या लेखी सहाव्या महिन्याची तीन तारीख म्हणजे तीन जून.

त्या दिवशी पुलापाशी चार सायकली होत्या. सुलानला बरं वाटलं. पहिलीच धड होती. सीट खाली करायचा खटका अडकत होता, एवढंच. तिने फोन कुलपावर धरला. नेहमी एवढ्यावर खट्‌ आवाज येई आणि कुलूप उघडल्याचं एक बाई गोड आवाजात सांगे. आज पडद्यावर केक आला. केकवर मेणबत्त्या. आदरणीय ग्राहक, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा! एक फेरी आमच्याकडून मोफत.

तिला पहिल्यांदा वाटलं, जाहिरात आहे. तिने फुली दाबली. केक गेला. त्याखाली एक पांढरा पडदा होता आणि मधे एक गोल चौकट. वर लिहिलं होतं, *देफा यांनी स्वतः पडताळणी पूर्ण करावी. नावापुढे आडनावाच्या जागी चांदणी होती, जणू कुणी नाव घ्यायला लाजावं तशी.

गोल चौकटीत तिचा स्वतःचाच चेहरा दिसत होता. पिंजारलेले केस, पाठीमागे पुलाचा कठडा. ती काही करणार एवढ्यात फोन म्हणाला, चेहरा नोंदीशी जुळत नाही. उरलेले प्रयत्न चार.

मग तिने फोन पिशवीत टाकला आणि चालायला लागली. वाटेत दोन टॅक्सी गेल्या. पाळीला सत्तर युआन मिळायचे, टॅक्सीला पंचवीस लागले असते; पण तिने हात केला तोवर त्या पुढे गेल्या होत्या. सहा दहाची पहिली बस पकडून ती पोचली तेव्हा सात वाजायला आले होते. तिच्या नऊ रुग्णांपैकी पाच जण कुणा नव्या बाईने पुसून ठेवले होते, आणि नीट पुसले होते. पाठीखालच्या घड्यासुद्धा बरोबर.

डोंगने तिला जिन्यात बोलावलं. या वेळी तो हसला नाही.

"काय सांगू मावशी. हजेरीची वही वर ऑफिसात जाते."

"वाढदिवस होता," ती म्हणाली.

"कुणाचा? तुमचा?"

"माझ्या नवऱ्याचा."

डोंगला तिचा नवरा आठवत होता. खाट क्रमांक तेवीस. तो जरा वेळ जिन्याच्या कठड्यावरचा रंग नखाने खरवडत राहिला. "सकाळच्या पाळीत आता जागा नाही," तो म्हणाला. "सतरा नंबरच्या म्हाताऱ्याला चोवीस तासांची बाई हवीये. मुलगा परगावी असतो, पैसे वेळेवर देतो. पण कुणी टिकत नाही. म्हातारा चावतो. रात्रंदिवस तिथेच, घडीच्या खुर्चीवर झोपायचं, महिन्याला एक दिवस सुट्टी. तुमच्या वयाला मी सुचवलं नसतं. बघा. संध्याकाळपर्यंत सांगा."

"बघते."

घरी आली तेव्हा दुपार होती, घरात कुणी नव्हतं. ती पलंगाच्या कडेवर बसली. तिचा पलंग म्हणजे बैठकीच्या खोलीत कपाट आडवं लावून केलेला आडोसा. चोवीस तास म्हणजे किती, ते तिला माहीत होतं. चाळीस दिवस काढले होते तिने. पण तो देफा होता, आणि तो चावत नव्हता.

अजून चार प्रयत्न उरले होते.

समोरच्या कपाटावर देफाचा फोटो होता, काळ्या चौकटीतला, अंत्यविधीला मोठा करून घेतलेला. ओळखपत्राच्याच फोटोवरून केला होता, कारण दुसऱ्या सगळ्या फोटोंत तो कुणाच्या तरी मागे उभा होता. म्हणजे नोंदीतला चेहरा तोच की. तिने फोटो उतरवला, काचेवरची धूळ बाहीने पुसली आणि उजेडासाठी खिडकीशी नेला. खिडकीच्या कट्ट्यावर तो टेकवून उभा केला आणि समोर फोन धरला.

कृपया चेहरा चौकटीत आणा.

तिने फोन मागे नेला, पुढे आणला. देफा गोलात बसला. गंभीर, कॉलरचं वरचं बटण लावलेला.

डोळे मिचकवा.

सुलानने वाट पाहिली. मग तिने फोटोच्या डोळ्यांवरून तळहात खाली नेला, वर नेला.

मान सावकाश डावीकडे वळवा.

तिने एका हाताने चौकट धरून सावकाश डावीकडे वळवली. काचेवर खिडकीचा उजेड चमकला आणि देफाचा चेहरा पांढरा झाला.

प्रत्यक्ष व्यक्ती आढळली नाही. उरलेले प्रयत्न तीन.

दुसऱ्यांदा तिने काच काढली. तिसऱ्यांदा पडदा ओढून उजेड कमी केला आणि तोंडाने म्हणाली, "जरा बघ ना इकडे." चौथ्यांदा, शेवटच्या वेळी, ती मान वळवत असताना दार उघडलं आणि छिन आत आली. हातात कांद्याच्या पातीची पिशवी. तिने खिडकीशी उभी असलेली सासू पाहिली, सासूच्या हातातला सासरा पाहिला, आणि फोनमधून येणारा तो गोड आवाज ऐकला: कृपया तोंड उघडा.

छिनच्या तोंडून हसू फुटलं. तिने लगेच हात तोंडावर नेला. हसू थांबेना तशी ती चपला तशाच घालून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडला. नळ बराच वेळ वाहत होता. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. कशाने, ते सुलानने विचारलं नाही.

"आई, बाबांना ठेवा वर," ती म्हणाली. "ते ऐकणार नाहीत."

"प्रयत्न संपले," सुलान म्हणाली. "उद्या याच वेळी परत करून बघा म्हणतायत."

"उद्याही ते तसेच असणार."

छिनने फोन तिच्या हातातून घेतला, बोटाने एकेक पडदा सरकवत गेली. माझे खाते. माझी अनामत. परत मिळवा. तिने दाबलं. अनामत परत घेतल्यास खाते बंद होईल. पुढे जाण्यासाठी कृपया चेहरा दाखवा. तिने फोन पालथा घालून टेबलावर ठेवला.

"एकशे नव्व्याण्णवही गेले," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळे घरात बसवत नव्हतं. "हे बघा आई, मी काही तुमचं वाईट चिंतत नाही. लेई आला की काकांना फोन करू. रविवारची गाडी आहे. थोडे दिवस राहून तर बघा."

सुलानने काच परत बसवली, फोटो जागेवर ठेवला. काच थोडी तिरकी बसली होती. मग तिने कांद्याची पात ओढून घेतली आणि निवडायला बसली. हातांना काही काम हवं होतं. चोवीस तासांचा विचार ती पातीबरोबर करत होती. खुर्ची. चावणारा म्हातारा. दिवा कधी न विझणारा तो बोळ. आणि दुसऱ्या बाजूला देशानचं अंगण, जिथे भांडं ठेवतानाही हात आवरून ठेवावा लागतो. पात संपली तेव्हा तिने डोंगला फोन केला. स्वतःच्या फोनवरून. दोनच वाक्यं बोलली, स्वयंपाकघरातल्या पंख्याच्या आवाजात ती कुणाला ऐकू गेली नाहीत.

लेई सहाला आला. छिनने त्याला दारातच सगळं सांगितलं असावं, कारण जेवायला बसला तेव्हा तो आईकडे बघत नव्हता. टेबलावर अंड्याची भाजी होती, वाफवलेले पाव होते.

"काकांशी बोललो मी वाटेत," तो भाजीकडे पाहत म्हणाला. "खूश झाले. म्हणाले, खोली झाडून ठेवतो. रविवारचं तिकीट काढू का?"

"तिकीट काढू नकोस," सुलान म्हणाली.

"अगं आई, पण सायकल..."

"मी गावाला जाणार नाही. हॉस्पिटलात चोवीस तासांचं काम धरलंय, उद्या सकाळपासून. राहणं तिथेच. माझा पलंग मोडून टाका, कपाट सरळ लावा. जागा होईल तुम्हाला."

तिने पाव मोडला आणि खायला सुरुवात केली.